बाळाची हिरवी, फेसाळ शी: घाबरण्याआधी काय तपासायचं आणि दवाखाना केव्हा गाठायचा

लंगोट उघडला, आत हिरवी शी दिसली की बहुतेक घरांत एकच क्रम चालू होतो. बाळंतिणीने काय खाल्लं याची चौकशी होते, मग ‘गार लागलं असेल’ ठरतं, मग गुटी उगाळली जाते, मग ग्राइप वॉटर येतं. दोन दिवसांनी कोणीतरी म्हणतं की आईचं दूधच बाळाला बाधतंय, आणि वरचं दूध सुरू होतं. या सगळ्यात बाळाचं वजन किती वाढलं आणि दिवसात शू किती वेळा झाली, हे मात्र कोणी विचारलेलं नसतं. खरं तर उत्तर बहुधा तिथेच असतं. एकाच रंगाची शी एका बाळाला काहीही झालेलं नसताना होते आणि दुसऱ्याला पोटभर दूध मिळत नसताना होते. नुसत्या रंगावरून ते ओळखता येत नाही.

हा लेख पूर्ण दिवसांच्या, पहिल्या सहा महिन्यांतल्या आणि मुख्यतः अंगावर पिणाऱ्या बाळांसाठी आहे. टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. पहिला टप्पा तर कधीच वगळू नका.

टप्पा १: आधी बाळ बघा, शी नंतर

शीचा लंगोट बाजूला ठेवा आणि बाळाकडे बघा. पुढीलपैकी एकही गोष्ट असेल तर हा लेख बाजूला ठेवून दवाखान्यात निघा, रात्र असली तरी:

- उलटीचा रंग हिरवा आहे.
- शीत रक्त आहे, किंवा लालसर, जेलीसारखा चिकट पदार्थ पडतो आहे.
- तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सियस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आहे.
- बाळ ओढून पीत नाही, मलूल आहे, हलवूनही नीट जागं होत नाही.
- सहा ते आठ तासांत शू झालेली नाही, टाळू आत गेली आहे, तोंड कोरडं आहे.
- पोट फुगून कडक झालं आहे, किंवा बाळ थांबून थांबून पाय पोटाशी घेत किंचाळतं आणि मधल्या वेळात पांढरंफटक, गळून गेल्यासारखं दिसतं.

यातला पहिला मुद्दा नीट लक्षात ठेवा, कारण लोक इथेच गल्लत करतात. हिरवी शी बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. हिरवी उलटी मात्र कधीच तशी धरायची नसते. आतड्याला पीळ पडला किंवा पुढे वाट अडली की पित्त मागे फिरून तोंडावाटे येतं. अशा वेळी काही तासांचा उशीरही आतड्याला महागात पडू शकतो. दही होऊन आलेल्या पांढऱ्या दुधाच्या गुळण्या वेगळ्या. पण उलटी गवतासारखी हिरवी दिसली तर ‘सकाळी बघू’ म्हणायचं नाही. रुग्णवाहिकेसाठी महाराष्ट्रात १०८ हा क्रमांक आहे.

शेवटच्या मुद्द्यातलं थांबून थांबून येणारं रडणं साधारण चार ते दहा महिन्यांच्या बाळांत आतड्यात आतडं शिरल्यामुळे असू शकतं. रक्त दिसेपर्यंत थांबलात तर बराच उशीर झालेला असतो.

यातलं काहीच नाही, बाळ पितं आहे, हातपाय झाडतं आहे, डोळ्याला डोळा देतं आहे? मग घाई नाही. पुढे चला.

टप्पा २: शी ताजी असताना आणि उजेडात बघा

निम्मे गोंधळ बघण्याच्या पद्धतीतून होतात. पिवळी शी डायपरमध्ये तास-दोन तास पडून राहिली की हवा लागून हिरवट होते. पहाटे काढलेला रात्रीचा डायपर हिरवा निघाला तर त्यावरून काहीच ठरवू नका, पुढची ताजी शी बघा. पिवळ्या बल्बच्या उजेडात रंग फसवतो, म्हणून खिडकीजवळ न्या. फोटो काढायचा असेल तर शेजारी पांढरं फडकं ठेवा. मोबाइल रंग आपल्या मनाने बदलतो, तो किती बदलला हे शेजारच्या पांढऱ्यावरून कळतं.

दुसरी अडचण डायपरचीच आहे. आतली जेल पाणी शोषून घेते, त्यामुळे पाण्यासारखे जुलाबही वर नुसता हिरवा थर ठेवून जातात आणि घट्टसर शी झाल्याचा भास होतो. शंका असेल त्या दिवशी डायपर सोडून जुने सुती लंगोट वापरा. शीभोवती पाण्याचं रुंद वर्तुळ पसरत असेल तर ती पातळ आहे.

आता फेस आणि चिकटा यांतला फरक बघा. फेस म्हणजे बारीक हवेचे बुडबुडे, काही मिनिटांत ते फुटून बसतात. चिकटा म्हणजे शेंबडासारखी, तार धरणारी आव. फेस बहुधा पिण्याच्या पद्धतीकडे बोट दाखवतो. आव थोडी असेल आणि बाळाला सर्दी असेल किंवा लाळ खूप गळत असेल, तर गिळलेल्या लाळ-शेंबडामुळेही ती दिसते. पण दिवसेंदिवस प्रत्येक शीत आव येत असेल तर डॉक्टरांना दाखवा, आवेत रक्ताची बारीक रेघ दिसली तर वाट न बघता लगेच.

> तपासा: सलग तीन ताज्या शी बघितल्या का? एका शीवरून निष्कर्ष काढू नका. पांढरी शी आणि रक्त हे दोन अपवाद. ती एकदाच दिसली तरी पुरे.

टप्पा ३: वयाशी ताडून बघा

पहिले दोन दिवस शी काळपट हिरवी आणि चिकट असते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती हिरवट तपकिरी होते, आणि हा हिरवा रंग तर चांगली खूण आहे, कारण दूध पोटात जाऊन जुना मळ बाहेर पडतो आहे. पाचव्या दिवसापर्यंत ती पिवळी, पातळसर आणि कण असलेली व्हायला हवी. पाचव्या दिवशीही काळी, चिकट शीच होत असेल तर दूध पुरेसं पोचत नाही असं समजा आणि त्याच दिवशी बाळ दाखवा. पहिल्या २४ तासांत शी झालीच नाही, तर तेही डॉक्टरांना सांगायचं.

पहिल्या महिन्यात अंगावर पिणारं बाळ प्रत्येक पाजण्यानंतर शी करू शकतं. दिवसाला आठ-दहा वेळा झाली तरी तिला जुलाब म्हणत नाहीत. साधारण सहा आठवड्यांनंतर उलटं होतं. काही बाळं तीन-चार दिवस, कधी आठवडाभरही शी करत नाहीत, आणि झाली की मऊच होते. आकडा महत्त्वाचा नाही, बाळाच्या नेहमीच्या चालीत अचानक झालेला बदल महत्त्वाचा. रोज आठ वेळा दाटसर करणारं बाळ आठच वेळा पण पाण्यासारखं करू लागलं, तर तो जुलाब आहे. संख्या तीच असली तरी.

टप्पा ४: शू मोजा, वजन बघा

हा या लेखातला सर्वांत कामाचा टप्पा आहे. नेमका हाच लोक गाळतात.

पाचव्या-सहाव्या दिवसानंतर २४ तासांत निदान सहा वेळा भरपूर शू व्हायला हवी, आणि तिचा रंग फिका हवा. डायपरमध्ये शू किती झाली कळत नसेल तर एका कोऱ्या डायपरवर तीन मोठे चमचे पाणी ओता आणि तो हातात तोलून बघा. ‘ओला डायपर’ म्हणजे एवढं वजन. लंगोट वापरत असाल तर मोजणं सोपंच आहे. कागदावर दोन रकाने आखा, शू आणि शी, आणि पूर्ण एक दिवस घरातल्या प्रत्येकाने त्यात खूण करायची. आजींनी बदललेले लंगोट हिशोबातून सुटतात, म्हणून कागद लंगोटांच्या ढिगाशेजारीच लावा.

वजनाचं गणित असं. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत वजन थोडं घटतं, आणि दहा ते चौदा दिवसांत ते जन्मवजनावर परत यायला हवं. त्यानंतर पहिले तीन महिने रोज सरासरी २५ ते ३० ग्रॅम वाढ अपेक्षित असते, म्हणजे आठवड्याला जवळपास २०० ग्रॅम. आशाताई पहिल्या सहा आठवड्यांत ठरलेल्या दिवशी (३, ७, १४, २१, २८ आणि ४२) घरी येतात, तेव्हा वजन करून घ्या. नाहीतर अंगणवाडीत किंवा लसीकरणाच्या दिवशी करा. माता-बाल संरक्षण कार्डावर तारखेसकट लिहून घ्या.

> सावधान: वेगवेगळ्या काट्यांवरची वजनं एकमेकांशी ताडू नका, शंभर-दीडशे ग्रॅमचा फरक काट्याचाच असू शकतो. काटा तोच, बाळ उघडं, आणि दोन वजनांत आठवड्याचं अंतर. रोज वजन करून फक्त काळजी वाढते.

टप्पा ५: हिरव्या रंगाची साधी कारणं आधी बाद करा

पित्ताचा मूळ रंगच हिरवट आहे. आतड्यातून सावकाश जाताना तो पिवळा-तपकिरी होत जातो. अन्न भरभर पुढे सरकलं की तेवढा वेळ मिळत नाही आणि शी हिरवी उतरते. एवढंच.

आता आठवून बघा. बाळाला लोहाचे थेंब चालू आहेत का? लोहाने शी गडद हिरवी, काळपट होते. डब्यातली दूध पावडर दिली जाते का? तिच्यातही लोह असतं, म्हणून पावडरवरच्या बाळांची शी हिरवट किंवा मातकट हिरवी दिसणं नेहमीचं आहे. कावीळ झाली म्हणून निळ्या दिव्याखाली ठेवलं होतं का? त्या दिवसांत शी पातळ आणि हिरवी होते, दिवा बंद झाल्यावर सावरते. बाळाला किंवा आईला प्रतिजैविकं चालू आहेत का? त्यानेही हेच होऊ शकतं. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसींसोबत रोटाव्हायरसचे थेंब तोंडावाटे दिले जातात, त्यानंतर काही बाळांना थोडे दिवस पातळ शी होते. बाळ खेळतं असेल तर तीही आपोआप थांबते.

बाळंतिणीने पालक-मेथी खाल्ली म्हणून शी हिरवी झाली, हे मात्र जवळजवळ कधीच खरं नसतं. बाळंतिणीची भाजी बंद करून काही साधत नाही, तिचंच पोट साफ होईनासं होतं. ‘गार लागलं’ यालाही अर्थ नाही. मात्र सर्दीत बाळ शेंबूड गिळतं आणि त्याने शी हिरवट, चिकट होते, म्हणून तो समज टिकून आहे.

टप्पा ६: फेस असेल तर पाजण्याची पद्धत दुरुस्त करा

हिरवी, फेसाळ, जोरात फुसकन होणारी, आंबूस वासाची शी, भरपूर वायू, शीच्या जागी लाली, आणि तरीही वजन झपाझप वाढतं आहे. हे चित्र पहिल्या दोन-तीन महिन्यांत फार दिसतं. आईला दूध भरपूर असतं, पण ते पोचवण्याची घडी बिघडलेली असते.

आतमध्ये होतं ते असं. स्तन भरलेलं असताना सुरुवातीला येणाऱ्या दुधात स्निग्धांश कमी असतो. स्तन रिकामं होत जाईल तसा तो वाढत जातो. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळपास तेवढीच राहते. बाळाने दोन्ही बाजूंचं फक्त सुरुवातीचं दूध भरपूर प्यायलं, तर पोटात साखर खूप जाते आणि तिचा वेग आवरणारा स्निग्धांश कमी पडतो. दूध भरभर आतड्यात उतरतं. लहान आतड्याला सगळी साखर पचवायला वेळ मिळत नाही आणि उरलेली साखर मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात. त्यातून वायू आणि आम्ल तयार होतं. वायूमुळे फेस, आम्लामुळे लाली, आणि घाईमुळे हिरवा रंग.

यात बाळाच्या आतड्यात दोष नाही आणि दुधातही नाही. ‘पुढचं’ आणि ‘मागचं’ अशी दोन वेगळी दुधंही नसतात, बदल हळूहळू होत जातो. त्यामुळे अमुक मिनिटाला घट्ट दूध सुरू होतं, असा घड्याळी नियम करता येत नाही.

दुरुस्ती या क्रमाने करा:

१. घड्याळ बाजूला ठेवा. ‘एका बाजूला दहा मिनिटं, मग दुसरी’ ही सवय फेसाळ शीचं एक नेहमीचं कारण आहे. एका बाजूला लावा आणि बाळ स्वतः सोडेपर्यंत थांबा. आवळलेल्या मुठी सैल पडतात, गिळण्याचा आवाज विरळ होतो, बाळ तोंड सोडतं. मग ढेकर काढा आणि दुसरी बाजू द्या. घेतली तर ठीक, नाही घेतली तरी ठीक. पुढच्या वेळी दुसऱ्या बाजूने सुरुवात करा.

२. तासाभरात परत मागितलं तर तीच बाजू द्या. नवीन भरलेली बाजू दिली की पुन्हा पातळच दूध जातं.

३. पान्हा जोरात येत असेल तर पहिली धार फडक्यात जाऊ द्या. बाळ ठसकतं, खोकतं, दचकून सोडतं, दूध तोंडातून ओघळतं, ही त्याची खूण. त्या वेळी बाळाला क्षणभर काढा, धार ओसरली की परत लावा. आईने पाठीमागे उशा घेऊन रेलून बसावं आणि बाळ पोटावर, डोकं वर येईल असं घ्यावं. दूध चढाने वर जातं म्हणून वेग आपोआप कमी होतो.

४. पकड तपासा. फक्त बोंडी तोंडात असेल तर बाळ वरवरचं दूध ओढतं आणि सोबत हवा गिळतं. तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली आणि खालच्या बाजूचा काळसर भाग बराचसा तोंडात, असं दिसायला हवं. आईला टोचत असेल तर पकड चुकलेली आहे.

एवढं करून चार-पाच दिवस द्या. शी एका दिवसात पिवळी होत नाही, आधी फेस कमी होतो आणि रंग त्यानंतर बदलतो.

> सावधान: ‘पातळ दूध पिळून टाका आणि मग पाजा’ हा सल्ला सर्रास मिळतो. रोज प्रत्येक वेळी पिळलं तर शरीर तेवढं जास्त दूध बनवतं आणि मूळ अडचण वाढते.

> सावधान: तीन-तीन तास एकाच बाजूला पाजून दूध कमी करण्याची पद्धत वेगळी आहे. ती फक्त खरंच जास्त दूध असलेल्या आईने, बाळ महिना-दीड महिन्याचं झाल्यावर आणि डॉक्टर किंवा स्तनपान समुपदेशकाच्या देखरेखीखाली करायची. वजन कमी वाढणाऱ्या बाळाला ती केली तर दूधच आटतं. शिवाय भरलेल्या बाजूला गाठ होऊन ताप येऊ शकतो.

एकच शी, दोन बाळं

समजा, दोन मुली आहेत. दोघी पाच आठवड्यांच्या, दोघींचं जन्मवजन २.९ किलो, दोघींना दोन दिवस हिरवी शी होते आहे. दोघींची वजनं दहाव्या दिवशी जन्मवजनावर परत आली होती.

पहिलीचं आजचं वजन ४.१ किलो. पंचवीस दिवसांत १२०० ग्रॅम, म्हणजे रोज ४८ ग्रॅम वाढ. शू नऊ वेळा, शी आठ वेळा, फेसाळ, बेंबीपर्यंत उडालेली. आई घड्याळ लावून दहा-दहा मिनिटं पाजते, बाळ पहिल्या मिनिटाला ठसकतं, आणि दुसऱ्या बाजूची धार पाजतानाच कपड्यावर गळते. हिला औषध काहीच नको. घड्याळ बंद, रेलून पाजणं, एक बाजू पूर्ण होऊ देणं, एवढं पुरे. शी काही दिवस हिरवी राहिली तरी चालेल.

दुसरीचं वजन ३.२ किलो. पंचवीस दिवसांत ३०० ग्रॅम, रोज १२ ग्रॅम. शू चार वेळा, गडद. शी दोन-तीन वेळा, गडद हिरवी, नाण्याएवढी, फेस जवळजवळ नाही. बाळ अंगावर लागलं की पाच मिनिटांत झोपतं आणि घरचे ‘किती शांत पोर आहे’ म्हणतात. पोटात दूध कमी गेलं की शीत पित्तच जास्त उतरतं, ही शी त्याची आहे. हिला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं: पकड, पाजण्याच्या वेळा आणि वजन कमी वाढण्याचं दुसरं काही कारण आहे का, ते सगळं तपासून घ्यायला. इथे पहिलीचा उपाय, म्हणजे एकच बाजू, केला तर नुकसान होईल. दुसरीला दोन्ही बाजू, आणि जास्त वेळा लागतील.

शेजारणीच्या बाळाला जो उपाय लागू पडला तो आपल्या बाळाला का पडत नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा या दोन वजनांच्या फरकात असतं.

टप्पा ७: जे द्यायचं नाही ते ठरवून टाका

गुटीबद्दल मतभेद घरात होतीलच, म्हणून कारण आधी माहीत असू द्या. सहाणेवर वेखंड, मुरडशेंग, जायफळ किती उगाळलं गेलं याचं माप नसतं आणि उगाळायचं पाणी, सहाण, बोट यांतून जंतू जातात. म्हणजे हिरव्या शीसाठी दिलेल्या गुटीतूनच खरा जुलाब लागू शकतो. सासूबाईंशी वाद नको असेल तर ‘डॉक्टरांनी सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही द्यायचं नाही म्हणून सांगितलंय’ एवढं वाक्य पुरतं, आणि ते खरंही आहे. मध एक वर्षापर्यंत बिलकुल नको, त्यातून बॉट्युलिझम हा जीवघेणा आजार होऊ शकतो. ग्राइप वॉटरने शीचा रंग बदलत नाही. जुलाब थांबवण्याच्या मोठ्यांच्या गोळ्या बाळाला कधीच द्यायच्या नाहीत, आतड्याची हालचाल बंद पडू शकते.

आणखी एक सापळा प्रयोगशाळेचा आहे. स्वतःहून शी तपासायला दिली की अहवालात ‘रिड्युसिंग शुगर पॉझिटिव्ह’ किंवा ‘आम्लीय’ असं येतं आणि घरात ‘बाळाला दूध पचत नाही’ असं ठरतं. अंगावर पिणाऱ्या ठणठणीत बाळाच्या शीतही थोडी साखर आणि आम्ल असतंच. बाळ वाढत असेल तर या अहवालावरून आईचं दूध बंद करायचं नाही. दुधातली साखर जन्मतःच न पचणारा आजार अत्यंत दुर्मीळ आहे. तो पहिल्या काही दिवसांतच पाण्यासारखे जुलाब आणि घटतं वजन घेऊन येतो, खेळत्या बाळात लपून बसत नाही.

टप्पा ८: खरे जुलाब असतील तर

अचानक पाण्यासारखी, नेहमीपेक्षा जास्त वेळा, बहुतेकदा जास्त घाण वासाची शी: हा संसर्ग धरायचा. सहा महिन्यांच्या आत असेल तर त्याच दिवशी दाखवा, दोन महिन्यांच्या आत असेल तर लगेच. तोपर्यंत एकच काम, पाजणं. अंगावरचं दूध बंद करायचं नाही, उलट जास्त वेळा द्यायचं.

ओआरएस बाळाच्या डॉक्टरांना विचारून, वाटी-चमच्याने, घोट-घोट. इथे एक चूक वारंवार होते. एक लिटरचं पाकीट असतं आणि लोक ग्लासभर पाण्यात ‘थोडीशी’ पावडर टाकतात. मीठ जास्त झालं तर बाळाला धोका, कमी झालं तर उपयोग नाही. पाकिटावर एक लिटर लिहिलं आहे की २०० मिलीलिटर ते वाचा, उकळून गार केलेलं तेवढंच पाणी मोजून घ्या आणि पूर्ण पाकीट एकदम टाका. २४ तासांनी उरलेलं ओतून द्या. जस्ताचं औषध डॉक्टर वयाप्रमाणे देतात. जुलाब दोन दिवसांत थांबले तरी ते सांगितलेले सगळे दिवस, सहसा चौदा, पूर्ण करा.

जुलाब ओसरल्यावरही आठवडा-दोन आठवडे शी फेसाळ आणि आंबूस राहू शकते. आतड्याच्या अस्तराला सूज आलेली असते आणि तिथे साखर पचवणारा लॅक्टेज तात्पुरता कमी झालेला असतो. अस्तर भरून आलं की ते जातं. अंगावर पाजणं या काळातही चालूच ठेवायचं. वजन घटू लागलं किंवा फेस दोन आठवड्यांच्या पुढे गेला तर परत दाखवा. शीच्या जागी दर वेळी कोमट पाण्याने धुऊन, टिपून कोरडं करून झिंक ऑक्साइडचं मलम लावा. सुगंधी ओले टिश्यू या दिवसांत नकोत.

टप्पा ९: डॉक्टरांना काय आणि केव्हा दाखवायचं

पहिल्या टप्प्यातली लक्षणं तात्काळची होती. यापुढची तातडीची नसली तरी टाळायची नाहीत.

सर्वांत आधी फिकट शी. हिरव्या रंगाने घरं हादरतात आणि पांढरट, मातकट, खडूसारख्या शीकडे ‘दूधच पितो, पांढरी होणारच’ म्हणून दुर्लक्ष होतं. खरा धोक्याचा रंग हाच आहे. पित्त आतड्यात उतरतच नाही, म्हणून शीला रंग येत नाही. सोबत शू गडद पिवळी, लंगोटाला डाग पाडणारी असते, आणि दोन आठवड्यांनंतरही डोळे पिवळे दिसतात. पित्तनलिका बंद असण्याचा आजार यात असू शकतो. त्यावरची कासाई शस्त्रक्रिया बाळ ६० दिवसांचं व्हायच्या आत झाली तर यशाची शक्यता जास्त असते. म्हणून फिकट शी दिसली की दुसऱ्या दिवसापर्यंत बालरोगतज्ज्ञ गाठा आणि रक्तात ‘डायरेक्ट बिलिरुबिन’ तपासायचं का, हे विचारा. कावीळ बघून कोवळ्या उन्हात ठेवण्यात एकही आठवडा घालवू नका.

रक्ताच्या बारीक रेघा आणि आव, बाळ मात्र खेळतं, वजन वाढतं: दाखवायला पहिल्या टप्प्याप्रमाणे लगेचच जायचं, पण हे बहुधा दोन ते आठ आठवड्यांच्या बाळात दिसतं आणि गाईम्हशीच्या दुधातल्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी हे त्याचं एक कारण आहे. डॉक्टर तपासून तसं म्हणाले तर आईने दूध, दही, ताक, पनीर, खवा, आणि दूध पावडर असलेली बिस्किटं साधारण दोन ते चार आठवडे पूर्ण बंद करायची. मग पुन्हा सुरू करून शी बघायची. ही दुसरी पायरी लोक विसरतात आणि बाळंतीण विनाकारण वर्षभर दुधाविना राहते. अंगावर पाजणं यातही सुरूच राहतं, आणि आईच्या कॅल्शियमचं डॉक्टरांना विचारून घ्यायचं. स्वतःच्या मनाने हा प्रयोग नको, कारण रक्ताची इतर कारणं आधी बाद करावी लागतात.

जाताना सोबत घ्या: शू-शीचा तो कागद, तारखेसकट वजनं, ताज्या शीचा दिवसाच्या उजेडातला फोटो किंवा पिशवीत बंद केलेला शेवटचा लंगोट, आणि दिलेल्या प्रत्येक गोष्टीची यादी. गुटी, ग्राइप वॉटर, थेंब, पाणी, सगळी. लाज वाटून गुटी लपवू नका, डॉक्टरांचा बराच अंदाज त्यावर अवलंबून असतो. आत गेल्यावर ‘शी हिरवी होते’ एवढ्यावर थांबू नका. असं सांगा: ‘पाच आठवड्यांची आहे, फक्त अंगावर पिते, चार दिवसांपासून हिरवी फेसाळ शी, दिवसात आठ वेळा, शू नऊ वेळा, मागच्या आठवड्यात वजन इतकं होतं, आज इतकं, ताप नाही, उलटी नाही.’

प्रतिजैविक लिहून दिलं तर ते नेमकं कशासाठी आहे, हे तिथेच विचारा. बाळांचे बहुतेक जुलाब विषाणूंमुळे होतात, त्यांवर ते चालत नाही. परत केव्हा यायचं हेही विचारून घ्या, आणि पुढच्या वजनाची तारीख कार्डावर लिहून घेऊनच बाहेर पडा.